पहिलं चित्र: अ‍ॅक्रिलिक, जलरंग की तैलरंग? आणि रंगवायचं कशावर?

निवांत_मी
नमस्कार मंडळी. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिली होती, त्यानंतर ब्रशला हात लावला नव्हता. भाऊ ऐरोलीला नवीन घरात राहायला गेलाय. येत्या गणपतीत त्याच्या हॉलसाठी स्वतःच्या हातचं ठाण्याच्या तलावपाळीचं चित्र द्यावं असं मनात आहे. संध्याकाळ, पाण्यात पडलेले दिवे, एकदोन होड्या, एवढंच.

घरात सध्या आहे ते असं: १२ तैलरंगांच्या ट्यूबांचा संच (भेट आलेला, अजून फोडला नाही), १२ बाय १६ इंचांचा एक कॅनव्हास बोर्ड, जलरंगांच्या वड्यांची पेटी आणि एक ड्रॉइंग पॅड. पॅडवर जलरंगात आकाश करून पाहिलं तर कागद फुगला, रंग खड्ड्यांत साचला आणि वाळल्यावर पट्टे पट्टे दिसले. पुन्हा ब्रश फिरवला तर कागदाचे लोळे निघाले.

अ‍ॅक्रिलिक घेतलेले नाहीत, पण यूट्यूबवर सगळे तेच वापरताना दिसतात. घोडबंदर रोडला वन बीएचके, वेगळी खोली नाही, घरात चार वर्षांचा मुलगा. आज जुलैची सुरुवात आहे. तिन्हींपैकी कशात हात घालू?

फटकळ
अ‍ॅक्रिलिक. धागा संपला. :)
वास नाही, ब्रश नळाखाली धुवायचा, पंधरा मिनिटांत वाळतं. कागद, लाकूड, कापड, काचेची बरणी, कशावरही चालतं. पाणी घालून पातळ केलं की जलरंग, जाड लावलं की तैलरंग. तिन्हींची हौस एकात भागते, वेगळे पैसे कशाला घालवायचे?

रंगारीकाका
फटकळराव, धागा इतक्यात संपवू नका, तुमच्या 'कशावरही'बद्दल नंतर बोलतो.

निवांत_मी, रंग कोणता हे ठरवण्याआधी एक काम करा. त्या पॅडचा एक कोरा कागद घ्या, आडवा ठेवा आणि बोटाने पाण्याचा एक थेंब त्यावर सोडा. थेंब वर उभा राहतो का, की लगेच कागदात शिरून काळपट डाग पडतो? दोनतीन मिनिटांनी कागद उलटा करून मागची बाजूही बघा. पॅडच्या पुठ्ठ्यावर जीएसएमचा, म्हणजे कागदाच्या वजनाचा, आकडा असेल, त्यावरून जाडी कळते, तोही सांगा.

नेरुळकर
माझी मुलगी यंदा इंटरमिजिएटला बसतेय. क्लासवाले पोस्टर कलर घ्या म्हणतात, शाळेतल्या बाई जलरंग म्हणतात. परीक्षेला अ‍ॅक्रिलिक चालतं का? आणि मार्क कशाला जास्त पडतात?

बघ्या
नेरुळकर, धागा वाचलात का? :D

निवांत_मी
काका, केलं. थेंब पडताच पसरला. दोन मिनिटांत मागच्या बाजूला ओल आली आणि तेवढाच भाग वर फुगला. पुठ्ठ्यावर १३० जीएसएम लिहिलंय.

मग म्हटलं जलरंगांच्या पेटीबरोबर आलेला एक छोटा नमुन्याचा कागद आहे, त्यावरही बघू. तो जाड आणि खरबरीत आहे. त्यावर थेंब बराच वेळ तसाच उभा होता, वाकवला तर घरंगळला!

रंगारीकाका
म्हणजे निदान झालं. तुमच्या हाताचा काही दोष नाही, तो कागद पेन्सिलीचा आहे.

जलरंगाच्या कागदाला कारखान्यातच खळ दिलेली असते, पूर्वी जनावरांच्या सरसाची, आता बऱ्याचदा रासायनिक. या खळीमुळे पाणी एकदम आत न शिरता काही काळ वर थांबतं. तेवढ्या काळातच वॉश, म्हणजे पातळ रंगाचा मोठा हात, पसरतो, एक छटा दुसरीत मिसळते, नको तिथला रंग कोरड्या ब्रशने उचलता येतो. खळ नसलेल्या कागदात ब्रश टेकतो तिथेच रंग शोषला जातो. तुम्ही पुढचा फटकारा मारेपर्यंत मागच्याची कड वाळलेली असते, म्हणून पट्टे. आणि लोळे निघाले ते लाकडाच्या लगद्याचे सुटे झालेले तंतू.

फुगण्याचं कारण जाडी. ओला झालेला भाग प्रसरण पावतो, शेजारचा कोरडा भाग त्याला जागा देत नाही, मग तो वर उचलला जातो. ३०० जीएसएमला हे बरंच कमी होतं, पण पूर्ण जात नाही. म्हणून कागद चारी बाजूंनी बोर्डला टेपने चिकटवून मगच ओला करायचा.

आता पैशांचं. शंभर टक्के कॉटनचा ३०० जीएसएमचा पूर्ण ताव महाग वाटतो. पण तो २२ बाय ३० इंचांचा असतो, त्याचे साडेसात बाय अकराचे आठ तुकडे होतात, आणि मागची बाजूही सरावाला वापरता येते. स्वस्त पेटी आणि चांगला कागद ही जोडी चालते. महागड्या ट्यूबा आणि शाळेचा पॅड ही जोडी कधीच चालत नाही. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, कधी गेलात तर तिथले जाड कागद हातात घेऊन बघा. मात्र हातकागद म्हणजे जलरंगाचाच असं नसतं, काही नुसते पत्रिका-पाकिटांसाठी असतात. घेताना कोपऱ्यावर थेंब टाकून बघू का, असं बिनधास्त विचारायचं.

जांभळी_छटा
काकांशी बाकी सहमत, पण नवशिक्याने थेट कॉटनवर जावं का याबद्दल माझं मत वेगळं आहे. महाग कागद समोर असला की हात आखडतो. मी पंचवीस टक्के कॉटनवाला पॅड घेऊन भरपूर कागद खराब केले, तेव्हा कुठे पाण्याचा अंदाज आला.

रंगारीकाका
त्यात तथ्य आहे. पण मिश्र कागद लवकर वाळतो आणि त्यावर वेगळ्याच सवयी लागतात, हे मी शिकवताना पाहिलंय. असो, यावर आपलं एकमत व्हायचं नाही.

नेरुळकर
वाचला हो धागा. पण कागदाचा विषय निघालाच आहे तर सांगा, आमच्याकडे चांगला महागाचा जलरंगाचा कागद कपाटात होता, पावसाळ्यानंतर काढला तर त्यावर वॉश दिला की मधेमधे गडद ठिपके उमटतात. कोरा असताना डोळ्यांना काहीच दिसत नाही. दुकानदार म्हणाला पाणी खराब असेल.

रंगारीकाका
पाणी नाही. दमट हवेने त्या त्या जागची खळ मेली आहे. तिथे रंग खोल शिरतो, म्हणून गडद दिसतो. नवी मुंबईत खाडीची हवा, ठाण्यातही वेगळं काही नाही. बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात कागद ठेवू नका, प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद ठेवा. हा कागद आता जलरंगाला गेला. पण टाकू नका, त्यावर जेसोचा, म्हणजे रंगाआधी द्यायच्या अस्तराचा, हात देऊन अ‍ॅक्रिलिकच्या सरावाला वापरा.

परीक्षेचं म्हणाल तर यंदाच्या सूचनापत्रकात माध्यम दिलेलं असेल ते शाळेतून बघा. माझ्या ऐकीव माहितीवर जाऊ नका.

निवांत_मी
काका, मग माझ्या चित्रासाठी जलरंगच घेऊ का? तो नमुन्याचा कागद हाताळल्यापासून मोह होतोय.

रंगारीकाका
मोह होणारच. पण तुमचं चित्र डोळ्यांसमोर आणा. संध्याकाळचं तळं, म्हणजे सगळा कागद गडद आणि त्यात दिव्यांचे उजळ ठिपके नि पाण्यातल्या उभ्या रेघा. जलरंगात पांढरं म्हणजे कोरा कागद. प्रत्येक दिवा आधी राखून ठेवावा लागणार, मास्किंग फ्लुइडने झाका नाहीतर ब्रश वळसा घालून न्या. वरून आकाशाचा वॉश एका दमात, बोर्ड थोडा तिरका करून खाली आणायचा. ओल चमकतेय तोवर दुसरा रंग सोडता येतो. चमक जाऊन नुसता ओलसरपणा उरला की हात मागे घ्यायचा. त्या वेळी पाण्याने भरलेला ब्रश टेकवला तर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग उमटतो आणि तो जात नाही. शिवाय जलरंग वाळल्यावर फिका पडतो, त्यामुळे संध्याकाळ हवी तर ओला असताना भीती वाटेल इतका गडद लावावा लागतो. पहिल्याच चित्राला हे फार होतं.

दुसरं म्हणजे टांगण्याचं. जलरंगाला काच लागते, आणि कागद काचेला चिकटू नये म्हणून मधे माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, लागतो.

बघ्या
पण तैलचित्राची सर जलरंगाला नाहीच ना. रविवर्म्याचं ते हातात दिवा घेतलेल्या बाईचं तैलचित्र बघा, बोटांतून उजेड झिरपतो. जलरंगात जमेल का ते?

रंगारीकाका
जमलंय! ते जलरंगच आहे, आणि रविवर्म्याचं नाही. ते सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं, १९४० च्या दशकातलं. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, आणि तिथेही पुष्कळ लोक ते रविवर्म्याचं समजूनच बघतात.

बघ्या
__/\__ आजवर मी छातीठोकपणे सांगत होतो सगळ्यांना.

फटकळ
चला, जलरंग बाद. आता माझं अ‍ॅक्रिलिक मान्य करा.

रंगारीकाका
यांच्या चित्राला अ‍ॅक्रिलिकच सोयीचं, हे मान्य. दिवे शेवटी वरून ठेवता येतात, चुकलं तर वाळल्यावर झाकता येतं. पण तुमचं 'कशावरही' आणि 'पातळ केलं की जलरंग' हे अर्धंच बरोबर आहे.

अ‍ॅक्रिलिक म्हणजे पाण्यात तरंगणारे प्लास्टिकचे बारीक कण. पाणी उडालं की ते एकमेकांना चिकटून पापुद्रा बनतो आणि तोच पापुद्रा रंगद्रव्य धरून ठेवतो. पाणी फार घातलं की कण विरळ होतात. तसा पातळ हात शोषणाऱ्या कागदावर टिकतो, कारण कागदच रंग धरतो. पण तोच प्रायमर मारलेल्या गुळगुळीत बोर्डवर दिला तर वाळल्यावर ओल्या फडक्याने पुसून निघू शकतो. तिथे पातळ करायचं तर पाण्याऐवजी अ‍ॅक्रिलिक मीडियम, म्हणजे रंगद्रव्य नसलेलं तेच माध्यम, घालायचं. आणि काचेच्या बरणीवरचा रंग आज छान दिसतो, दोनदा धुतली की नखाने सोलून निघतो. पृष्ठभागाला थोडी पकड हवी आणि त्यावर तेलाचा अंश नको, या दोन अटी अ‍ॅक्रिलिकलाही आहेत.

जलरंगासारखं तर ते वागत नाहीच. वाळलेला जलरंग ओला करून उचलता येतो, वाळलेलं अ‍ॅक्रिलिक नाही. ब्रशवरही नाही! ब्रश रंगासकट पाच-दहा मिनिटं बाजूला राहिला की गेला.

फटकळ
बरणीचं खरंय. बायकोने सांगितलं होतं, मी तुमच्याकडून ऐकलं. :)

जांभळी_छटा
मी तैलरंगांची बाजू मांडते. निवांत_मी, तुमच्याकडे बारा ट्यूबा आधीच आहेत, बोर्ड आहे. नवीन काही न घेता सुरू करता येईल. आणि संध्याकाळच्या आकाशाला तैलरंगासारखं दुसरं माध्यम नाही. वरचा निळा आणि खालचा केशरी एकमेकांत मिसळायला तुमच्याकडे अख्खी दुपार असते. अ‍ॅक्रिलिकमध्ये पंख्याखाली तेवढ्यात कड वाळते आणि पुन्हा पट्टे.

वासाची भीती मुख्यतः टर्पेंटाइनची असते. चार वर्षांचं मूल असलेल्या बंद घरात टर्पेंटाइन मीही उघडणार नाही. पण ते लागतंच असं नाही. ट्यूबमधला रंग जसाच्या तसा, फार तर जवसाच्या तेलाचा एखादा थेंब घालून लावायचा. ब्रश आधी फडक्याने निपटून घ्यायचा, मग साध्या खाद्यतेलात घोळवायचा, पुन्हा पुसायचा आणि शेवटी साबणाने तळहातावर धुवायचा. खाद्यतेल फक्त सफाईला. रंगात चुकूनही नको, शेंगदाणा किंवा खोबरेल तेल घातलेला रंग कधी नीट वाळणारच नाही.

निवांत_मी
हे माहीत नव्हतं. मग थेट बोर्डवर सुरुवात करू? बोर्डवर 'प्राइम्ड' लिहिलंय.

जांभळी_छटा
लिहिलेलं असतं, पण स्वस्त बोर्डवर प्रायमरचा एकच पातळ हात असतो. आधी तपासा. कडेला, फ्रेमखाली झाकला जाईल अशा अर्ध्या इंचाच्या पट्टीत, तैलरंगाचा तुरीएवढा ठिपका लावून ठेवा. मधे लावू नका! तेल लागलेल्या जागी नंतर जेसो धरत नाही. दुसऱ्या दिवशी ठिपक्याभोवती काय दिसतं ते सांगा.

निवांत_मी
ताई, ठिपक्याभोवती पिवळसर तेलकट कडं आलंय, भज्यांच्या कागदावर येतं तसलंच. आणि ठिपका मलूल दिसतोय. काल ओला होता तेव्हा निळा झगझगीत होता, आज खडूसारखा, चमक पार गेलेली.

जांभळी_छटा
म्हणजे बोर्ड तेल पितोय. रंगातलं तेल खाली गेलं की वर नुसती पूड उरते, ती पुढे हाताला लागते. आणि खाली गेलेलं तेल कापसाच्या धाग्यात राहून वर्षानुवर्षं त्यांना कुरकुरीत करतं. म्हणून कोऱ्या कापडावर किंवा साध्या कागदावर थेट तैलरंग लावत नाहीत. मधे आडपडदा हवा, म्हणजे जेसो.

बघ्या
जेसोची डबी महाग असते. हार्डवेअरच्या दुकानातला भिंतीचा पांढरा प्रायमर मारा की. आमच्या सोसायटीच्या गणपतीचं मखर दरवर्षी तसंच रंगवतो, काही होत नाही.

रंगारीकाका
मखर दहा दिवसांचं, चित्र भिंतीवर वीस वर्षं. भिंतीचा प्रायमर स्थिर भिंतीसाठी बनवलेला असतो, कापडाबरोबर हलण्यासाठी नाही. सरावाच्या पुठ्ठ्यावर खुशाल वापरा. खडूचा साधा डिस्टेंपर मात्र सरावालाही नको, तो रंगासकट पुडीने सुटतो.

जांभळी_छटा
मी एमडीएफवर चांगल्या प्रतीचा बाहेरच्या भिंतीचा अ‍ॅक्रिलिक प्रायमर वापरून केलेली कामं आहेत, अजून ठीक आहेत. एमडीएफ कुठे हलतंय?

रंगारीकाका
अजून. :) कळेल पुढे, तुम्हाला किंवा मला.

आता या बोर्डचं. जेसोची लहान डबी आणा. आधी तेलाच्या ठिपक्याची ती कडेची पट्टी टेपने झाका. पॉलिश पेपर, २२० नंबरच्या आसपासचा, अगदी हलक्या हाताने फिरवा आणि धूळ ओलसर फडक्याने टिपून घ्या. जेसोच्या पहिल्या हातात थोडं पाणी, दुधाच्या सायीइतपत दाट राहील एवढंच. दोन इंची सपाट ब्रशने आडवा हात द्या. तासाभराने, सध्याच्या हवेत दोन तासांनी, हाताला गार लागत नाही इतका वाळला की पुन्हा पॉलिश पेपर, मग दुसरा हात उभा. बोर्ड पुठ्ठ्याचा असेल तर एका बाजूच्या ओलीने वाकतो, म्हणून पाठीलाही एक हात द्या. रात्रभर सपाट ठेवा.

मग ओल्या बोटाने तपासा. बोटाची ओल क्षणात गायब झाली तर अजून शोषतोय, तिसरा हात द्या. थोडा वेळ चमकत राहिली तर तयार. वरून अ‍ॅक्रिलिक करायचं तर दुसऱ्या दिवशी सुरू करा. तैलरंग लावायचा तर तीन दिवस थांबा, आतली ओल जायला हवी.

निवांत_मी
म्हणजे जेसो मारला की त्याच बोर्डवर दोन्ही चालतात? मग तैलरंगच करू? आकाशाचं ऐकून तेच करावंसं वाटतंय.

रंगारीकाका
पृष्ठभाग दोन्हींना चालतो, पण तुमच्या हातात दिवस किती ते बघा. अ‍ॅक्रिलिकमधलं पाणी उडून जातं. तैलरंगातलं तेल उडत नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, आणि पावसाळी हवेत, कमी उजेडात ते आणखी रेंगाळतं. पातळ थर आठवडा-दोन आठवड्यांत हाताला कोरडा लागेल. तुमच्या आकाशात टायटॅनियम व्हाइट भरपूर असणार आणि तो सावकाश वाळणाऱ्यांपैकी. त्यावर दिव्यांचे जाड ठिपके ठेवलेत तर ते गणपतीतही वरून कोरडे, आतून मऊ असतील. घोडबंदरहून ऐरोलीला रिक्षात नेताना प्लास्टिक चिकटलं की संपलं. वॉर्निश तर त्यानंतर सहा महिन्यांनी, जाड असेल तर वर्षाने.

जांभळी_छटा
काका, इतकंही नाही. खालचा थर अ‍ॅक्रिलिकने करू दे. गडद निळा-करडा, झाडांचे आकार, गडकरी रंगायतनच्या बाजूची इमारतींची रांग. तासाभरात वाळेल. त्यावर फक्त आकाश आणि पाणी तैलरंगात, एकाच पातळ थरात. जुलैच्या मध्यात झालं तर महिनाभर मिळतो, उजेडाच्या खिडकीशी ठेवलं तर वाळतं. मी केलंय.

उलटं मात्र कधीच नाही. तैलरंगावर अ‍ॅक्रिलिक धरत नाही, पापुद्रे सुटतात.

फटकळ
आकाशाचे पट्टे अ‍ॅक्रिलिकमध्येही टाळता येतात. पंखा बंद, हातात पाण्याचा फवारा. पसरट डब्यात ओला किचन टिश्यू, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग काढायचे. झाकण लावलं तर दुसऱ्या दिवशीही ओले राहतात. हे मात्र मी स्वतः करतो, बरणीसारखं नाही.

रंगारीकाका
वा, हे अगदी योग्य. त्यात एक भर: आकाश एका दमात साधायचा हट्ट नको. पहिला थर पट्ट्यांसकट वाळू द्या, मग मीडियम घालून पातळ केलेला तोच रंग वरून फिरवा. दुसऱ्या-तिसऱ्या थराला पट्टे विरतात. लगेच वाळण्याचा फायदा इथे मिळतो.

आणि अ‍ॅक्रिलिक वाळल्यावर गडद होतं, जलरंगाच्या उलट. ओलं असताना त्यातलं माध्यम दुधाळ असतं, वाळल्यावर पारदर्शक होतं, म्हणून. तुमच्या चित्रात आधीच सगळं गडद आहे, त्यामुळे केशरी आणि पाण्यातली चमक हवी त्याहून एक पायरी उजळ मिसळा. कागदाच्या कपट्यावर ठिपका लावून, हेअर ड्रायरने वाळवून मगच बोर्डला लावा. नाहीतर संध्याकाळ करायला जाल आणि मध्यरात्र होईल.

नेरुळकर
जाता जाता एक. आमच्याकडे भिंतीवरच्या चित्रामागे बुरशी येते. निवांत_मी यांच्या भावाचं घर ऐरोलीत म्हणजे खाडी तिथेही आहेच. काय करावं?

रंगारीकाका
आत्ता विषयाला धरून विचारलंत! फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराच्या किंवा बुचाच्या चकत्या चिकटवा, म्हणजे भिंत आणि चित्र यांत हवा खेळती राहते. बाहेरच्या बाजूची, पावसाने भिजणारी भिंत टाळा. बोर्डच्या पाठीला जेसो दिला असेल तर बुरशीला तिथे सहज जागा मिळत नाही.

निवांत_मी
ठरलं. भावाचं चित्र जेसो मारलेल्या बोर्डवर अ‍ॅक्रिलिकमध्ये. सगळे रंग घेत नाही: अल्ट्रामरिन, बर्न्ट सिएना, पिवळा, लाल आणि पांढऱ्याची मोठी ट्यूब. तैलरंगांसाठी वेगळा छोटा बोर्ड आणते. तिथे जांभळी_छटा ताईंची पद्धत करून बघेन, त्याला तारखेची घाई नाही.

जांभळी_छटा
छान. तैलरंगांना हात घालाल तेव्हा फडक्यांचं लक्षात ठेवा. जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं, आणि घट्ट गोळ्यात ती कोंडून फडकं आपोआप पेटू शकतं. बाल्कनीच्या दांडीवर एकेक पसरून वाळवा, कडक झाली की टाका. लगेच टाकायची तर पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात.

निवांत_मी
बाप रे. बरं झालं सांगितलंत, आमच्याकडे सगळा कचरा गॅसच्या ओट्याखालीच असतो.

आत्ता नौपाड्यात दुकानात उभी आहे. इथे जेसो दोन प्रकारचा आहे, पांढरा आणि पारदर्शक. कोणता घेऊ?

रंगारीकाका
पांढरा. पारदर्शक लाकडाचे रेषे किंवा खालची पेन्सिल दिसत ठेवायची असेल तेव्हा लागतो. शंभर मिलीची डबी या बोर्डला पुरून उरेल. आणि तिथेच दोन इंची सपाट ब्रश वेगळा घ्या, जेसोचा ब्रश रंगाला वापरायचा नाही.